ओठ पाहून ऐकणं

कानाचं मशीन लावूनही मला सुनेचं बोलणं नीट कळेना. आता घरात नुसती मान हलवत बसावं लागणार, अशी धास्ती वाटायची. सुनेसोबत दवाखान्यात गेले, तर कान तपासणाऱ्या मॅडमनी संगणकावर बोलणारी एक बाई दाखवली. मला ‘दा’ ऐकू आलं. डोळे मिटले, तर तोच आवाज ‘बा’!

“मशीन बिघडलं काय वं?” मी सुनेला विचारलं.

“नाही आई, मलेही ‘दा’च ऐकू आलं!”

मॅडम हसल्या. “आवाज ‘बा’चा आहे, ओठ ‘गा’चे. दोन्ही जुळवताना मेंदूला तिसरंच ऐकू येतं. तुम्ही लाजून खाली पाहता, मग ओठांची मदत मिळणार कशी?”

परतताना ऑटोत मी सुनेच्या तोंडाकडेच पाहत बसले.

“अशा काहून पाहून राहिल्या?” ती लाजली.

ऑटोच्या फडफडाटातही मला शब्द न् शब्द कळला.