द्वारकेवरचा फोटो

साळवेकाकूंच्या शाळेच्या व्हॅनमध्ये बसलेलं मूल शाळेत उशिरा पोहोचलंय, असं एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, आणि जरा जास्तच वेळा सांगत. त्यांचं नाव अंजली. जेल रोडच्या कॉलनीतल्या सोळा घरांची मुलं सकाळी त्यांच्या हवाली व्हायची आणि दुपारी परत घरी यायची. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात थोडा हेडमास्तरपणा आला होता, आणि कुणी त्यांना अडवतही नसे.

जानेवारीत मोबाईलवर चलनाचा मेसेज आला. गाडी चालवताना फोनवर बोलणं, ठिकाण द्वारका चौक. काकूंचा संताप झाला. आधीची चार चलनं होती, पण ती नो पार्किंगची आणि सिग्नलची. ती त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती. हे मात्र त्यांच्या लौकिकावर आलं होतं. त्यातून ही बातमी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचली. रविराज नावाच्या एका पालकानं विचारलं, "काकू, हे खरं आहे का?" काकूंनी लगेच उत्तर टाकलं, "साफ खोटं आहे. मी स्कार्फ बांधत होते. कोर्टात जाऊन खोटं ठरवून आणते आणि कागद इथेच टाकते."

आता हा शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणं काकूंना ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये लोकअदालतीची नोटीस मेसेजनं आली. दुसरा शनिवार, शाळेला सुट्टी. तयारीच्या बाबतीत काकूंचा हात कुणी धरू शकत नसे. नोटिशीची प्रिंट, वेबसाइटवरून काढलेली पाचही चलनं, गाडीचं आरसी, स्वतःचं लायसन्स, विमा, पीयूसी, आधार कार्ड, असं सगळं मूळ प्रतींसकट आणि झेरॉक्सच्या दोन-दोन संचांत फाइलला लागलं. गाडी नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या नावावर होती आणि त्याची अंबडला कंपनीत पाळी होती. म्हणून त्याच्या सहीचं अधिकारपत्र आणि त्याच्या आधारची प्रतही घेतली. चलनाच्या प्रिंट मात्र त्यांनी काळ्यापांढऱ्या काढल्या. रंगीत प्रिंटला दुकानदार भलतेच पैसे सांगत होता, आणि काकूंना असला फालतू खर्च आवडत नसे. त्या फोटोत कानाजवळ एक काळा ठिपका होता आणि त्याच्याभोवती स्कार्फ. बघा, स्कार्फच आहे, असं काकूंनी चार जणांना दाखवलंही होतं.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी साडेनऊलाच रांग होती. वाहतूक पोलिसांचं मदत टेबल मांडवात होतं, आणि न्यायाधीशांचं पॅनेल आतल्या हॉलमध्ये. काकूंच्या पुढे सायखेड्याचे कोंडाजी उभे होते. हातात पिशवी, पिशवीत फक्त पाण्याची बाटली.

"ताई, कागद कोणते लागतात वं? मला मेसेज आला, म्हून आलो."

काकूंना हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. त्यांनी फाइल उघडून एकेक कागद दाखवला. "आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, तर मालकाचं अधिकारपत्र."

"गाडी माझ्याच नावावर हाय. पन चलन आलंय स्कूटीचं, अन माझ्याकडं तर बुलेट हाय!"

"मग नंबर चुकून लागलाय किंवा कुणी तोच नंबर लावून फिरतंय. तुम्ही तडजोड करूच नका. आरसी आणि तुमच्या गाडीचा फोटो घेऊन तक्रार करा. इथं एकदा मान्य केलं की ते कायमचं, त्यावर अपील नाही."

"लय पक्कं हाय तुमचं." कोंडाजींनी काकूंच्या हातातल्या चलनाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "ह्यात तर नुसतं काळंच दिसतंय पन."

काकूंनी तो कागद पटकन फाइलमध्ये घातला.

टेबलावर योगिनी नावाची तरुण हवालदार बसली होती. कोंडाजींना तिनंही तक्रारीचाच रस्ता दाखवला. ते ऐकून काकूंची छाती इंचभर फुगली. मग त्यांची पाळी आली. योगिनीनं कागद भराभर तपासले, अधिकारपत्रावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळवलं आणि म्हणाली, "काकू, असे कागद सगळ्यांनी आणले ना, तर आम्ही दुपारी जेवायला तरी जाऊ."

"चार मान्य आहेत. पाचवं खोटं आहे. ते रद्द करून द्या."

"इथं खरंखोटं ठरत नाही काकू. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर तडजोड होते. तुम्हाला मान्य नसेल तर ते बाजूला ठेवू. मग ऑनलाइन तक्रार करा, नाहीतर नेहमीच्या कोर्टात बाजू मांडा. तिथं हा फोटो बघतील. तुम्ही नीट पाहिलाय का?"

"पाहिलाय की."

योगिनीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि फोटो मोठा केला.

रंगीत फोटोत स्कार्फ केशरी होता, आणि स्कार्फ व कान यांच्या मध्ये निळ्या कव्हरचा फोन होता. काकूंचाच फोन. खाली वेळ होती दुपारी बारा चाळीस. आणि मग सगळं आठवलं. ओवीच्या आईचा, हर्षालीचा फोन आला होता, आज ओवीला आजीकडे सोडा म्हणून. काकूंनी "हो हो" म्हणून ठेवला होता. दहा सेकंदांची गोष्ट. ती मनातून अशी पुसली गेली होती, की त्यांनी सगळ्यांपुढे शपथेवर स्कार्फ सांगितला असता.

पण काकूंची नजर तिथं थांबली नाही. दोन सीटच्या मधून, मागे बसलेली पहिलीतली ओवी दिसत होती. तिनंही मूठ कानाला लावली होती आणि मान अगदी काकूंसारखीच तिरपी केली होती.

काकूंना लाज वाटली. द्वारकेच्या त्या गर्दीत सोळा घरांची मुलं मागे होती, आणि त्यांतली एक त्यांच्याकडूनच शिकत होती.

"काकू, मान्य नाही असं लिहू का?" योगिनीनं विचारलं.

"नको. पाचही घ्या."

हॉलमध्ये पॅनेलसमोर पाच मिनिटंही लागली नाहीत. न्यायाधीशबाईंनी पाचव्या चलनाबद्दल पुन्हा विचारलं, "स्वखुशीनं मान्य करताय ना? नंतर बदलता येणार नाही." काकू म्हणाल्या, "बदलायचंच नाहीये." रकमेत थोडी सूट मिळाली. काकूंनी सही केली, काउंटरवर भरणा केला आणि पावती फाइलला लावली. चार-आठ दिवसांत वेबसाइटवर चलनं मिटलेली दिसतील, नाही दिसली तर हीच पावती दाखवा, असं योगिनीनं बजावलं.

आवारातल्या कट्ट्यावर बसून काकूंनी ग्रुप उघडला. पावतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मी खोटं बोलले. माझ्या कानाला फोनच होता. मुलं गाडीत होती. ज्यांना दुसरी व्हॅन बघायची त्यांनी बघा, मला राग येणार नाही."

एकोणीस वर्षांचं नाव असं आपल्याच हातानं उतरवून ठेवताना काकूंना रडू आलं, पण त्या रडल्या नाहीत. मग हर्षालीचा मेसेज आला. "काकू, तो फोन मीच केला होता. तुम्ही गाडी चालवत असाल हे माहीत असून केला होता. यापुढे नाही करणार." रविराजनं नुसता जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला. त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते काकूंना घरी जाईपर्यंत कळलं नाही.

सोमवारी सोळाही मुलं आली. दुपारी द्वारकेच्या सिग्नलवर, समोरच्या खणात ठेवलेला फोन वाजायला लागला.

"काकू, फोन!" ओवी ओरडली.

"वाजू दे."

फोन वाजून वाजून थांबला. सिग्नल सुटला. काकूंनी आरशात पाहिलं. ओवीनं दोन्ही हात समोर धरले होते आणि नसलेलं स्टिअरिंग ती घट्ट पकडून बसली होती.