साठ हजारांचा ड्राफ्ट

युसूफ वडगावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबुबाईनं अकरा वर्षं चुलीचा धूर गिळला होता. नवरा गेला तेव्हा सायली सात वर्षांची होती. पोरगी हुशार निघाली. अंबाजोगाईच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात तिचं नाव लागलं आणि छबुबाईनं दोन्ही म्हशी विकल्या. शुक्रवारी पाचच्या आत साठ हजारांचा ड्राफ्ट भरायचा होता. नाही भरला तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

छबुबाईचं बँकेतलं खातं कागदपत्रांअभावी बंद पडलेलं. पन्नास हजार किंवा त्यावरचा ड्राफ्ट रोख पैशावर मिळत नाही, खात्यातूनच काढावा लागतो. दीर मोहनराव म्हणाला, "वयनी, माजं खातं हाय की. कशाला हेलपाटे घालता?"

मोहनराव गावातला वजनदार माणूस. शाळेच्या समितीवर त्याचाच शब्द चाले. बुधवारी त्यानं छबुबाईची रोकड स्वतःच्या खात्यात भरली आणि ड्राफ्टच्या फॉर्मवर सही केली. खात्यातून साठ हजार वजा झाले, कमिशन आणि कर वेगळा कापला गेला. कॉलेजच्या नावाचा ड्राफ्ट हातात पडला. तो बघताना छबुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

सायली म्हणाली, "आई, आपणच एसटीनं जाऊन भरू."

"तुमाला कोण वळखतंय तिथं?" मोहनराव हसला. "संस्थेचा माणूस माज्या वळखीचा हाय. मीच देऊन येतो."

शुक्रवारी शाळेत पोषण आहाराची तपासणी होती. छबुबाईनं ड्राफ्ट बुधवारीच दिराच्या हाती दिला होता, ती निर्धास्त होती. अंधार पडता पडता तो आला आणि ओट्यावर बसला. "वयनी, घात झाला. स्टँडवर गर्दीत ड्राफ्ट कुटं पडला, कळलंच न्हाई."

सायली आत गेली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी छबुबाई बँकेत पोचली. काउंटरवरच्या इलियासनं तिला समजावलं, "मावशी, ड्राफ्ट हरवला म्हंजे पैसे बुडाले असं न्हाई. पण ज्यानं काढला त्यानं अर्ज द्यायचा. आमी ड्राफ्ट थांबवतो, तो वटला न्हाई ना ते बघतो. मग स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेऊन दुसरा ड्राफ्ट देतो, न्हाईतर पैसे परत करतो. पैसे मात्र त्यांच्याच खात्यात जातात."

छबुबाईनं उसनवारी करून स्टॅम्पपेपर आणला, हमीपत्र टाइप करून घेतलं. मोहनराव रोज म्हणे, "करतो सही, दम धरा." असे पंधरा दिवस गेले. कॉलेजनं जागा भरून टाकली.

शेवटी छबुबाई जावेकडे गेली. "कौशल्या, अर्जात ड्राफ्टचा नंबर लागतोय. पासबुक दे गं." कौशल्याबाईनं ते निमूट काढून दिलं. मायलेकी बँकेत गेल्या आणि सायलीनं पासबुक मशीनमध्ये घातलं. नव्या ओळी उमटल्या. सायली वाचत गेली. बुधवारी भरणा, त्याच दिवशी ड्राफ्ट. गुरुवारी साठ हजार परत जमा, पुढं लिहिलेलं, 'ड्राफ्ट रद्द'. खाली रद्द करायचा आकार वजा. त्याखाली रोख काढलेले साठ हजार.

"गुरुवारी?" छबुबाई म्हणाली. "ड्राफ्ट तर शुक्रवारी हरवला."

ती इलियासच्या काउंटरला गेली. त्यानं पासबुक पाहिलं आणि मान खाली घातली. "दुसऱ्याच्या खात्याचं मला बोलता येत न्हाई, मावशी."

"खात्याचं न्हाई इचारत. रद्द कवा म्हंतात, तेवढं सांगा."

त्यानं पासबुक मिटून परत दिलं. मग हळूच म्हणाला, "मूळ ड्राफ्ट काउंटरवर परत आणून दिला, तर रद्द. हरवलेल्याला हमीपत्र लागतं."

छबुबाई तशीच मोहनरावाच्या ओट्यावर गेली. चार माणसं बसली होती. तिनं पासबुक त्याच्यापुढं टाकलं. त्यानं ते उचललं, झटकलं आणि खिशात घातलं.

"पैसे भरल्याची पावती कुणाच्या सहीची?"

"म्हशी माज्या व्हत्या, भाऊजी."

"खातं माजं, सही माजी. अन् पोरगी परक्याच्या घरी जायची, तिच्यावर साठ हजार? त्यापरीस रानात बोअर मारला, पाणी लागलं." बसलेल्यांपैकी एकजण हसला. बाकीचे चहा पीत राहिले.

पोलीस चौकीत जमादार म्हणाला, पैसे तुझेच होते याला कागद दाखव. कागद नव्हता. पुढच्याच सोमवारी शाळेत खिचडीला दुसरी बाई दिसली. हेडमास्तर नजर चुकवत बोलले, "समितीचा ठराव झालाय, छबुबाई."

त्या रात्री जेवताना छबुबाई म्हणाली, "फुडल्या साली बघू गं, बाई."

"तूच दिलास त्याच्या हातात," सायली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी म्हनले व्हते, एसटीनं जाऊ."

आता सायली केजला कापडाच्या दुकानात घड्या घालते. महिन्याच्या एक तारखेला पगारातले पैसे चुलीजवळ ठेवते आणि न बोलता झोपते. छबुबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मोहनरावाच्या बोअरचं पाणी त्याच रानाच्या बांधाला लागून खळखळत जातं. तहान लागली की बाकीच्या बाया तिथंच ओंजळ धरतात. छबुबाई पाण्याची बाटली घरून नेते.