यादी वाचून होईपर्यंत

साखर कारखान्याच्या संगणक खोलीत मी नोकरीला होते तेव्हा माझ्या रागाची ख्याती गेटपर्यंत होती. ऊसनोंदीचा शेवटचा दिवस होता आणि संगणकातलं नोंदींचं टेबल फुगून मंद झालं होतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते नव्यानं बांधायचं काम मी संगणकावर सुरू करून दिलं. या कामाला टेबल पूर्ण मोकळं लागतं, तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला त्यात नोंद करता येत नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा "चालू आहे" असं सांगून मी डबा उघडला.

अर्ध्या तासानं गावोगावच्या गट ऑफिसांचे फोन सुरू झाले. सगळ्यांच्या स्क्रीन थिजलेल्या. तपासलं तर माझं काम चालू नव्हतंच, ते कुलपासाठी, म्हणजे टेबलाचा एकट्याचा ताबा मिळायची वाट बघत, थांबलं होतं. मिरजगावकडच्या एका गट ऑफिसातून सकाळी नऊला सुरू झालेला नोंदींचा व्यवहार अजून सेव्ह झाला नव्हता, म्हणून कुलूप त्याच्याकडे होतं. माझं काम त्याच्यामागे, आणि बाकी सगळे माझ्यामागे रांगेत. म्हणजे सगळ्यांना अडवत होते मी. मला लाज वाटली.

साहेब म्हणाले, "तो व्यवहार तोडून टाका."

तोडला असता तर तिथली सकाळपासूनची प्रत्येक नोंद पुसली गेली असती. मी तिथल्या कारकुनाला फोन लावला आणि सवयीनं त्यालाच चांगलं झापलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, त्रेचाळीस शेतकरी हायेत. यादी वाचून दाखवल्याबिगर आमी पक्की करत न्हाई. वही हुती तवा बी तसंच हुतं. आता सगळे झाडाखाली बसलेत, वाचायलाच घेतलीय."

मी आधी माझं काम रद्द केलं. बाकीच्या स्क्रीन लगेच हलल्या. मग साहेबांना सरळ सांगितलं, "चालू आहे म्हणाले ते चुकलं. ते थांबलं होतं. मिरजगावकडचा व्यवहार उघडा आहे, तोडला तर त्रेचाळीस जणांची नोंद जाईल आणि पुन्हा यायला त्यांना आज वेळ नाही. तो सेव्ह झाला की मी पुन्हा सुरू करते."

साहेब म्हणाले, "थांबा मग."

कारकुनानं फोन टेबलावर तसाच ठेवला होता. खिडकीबाहेरून त्याचा आवाज फोनमध्ये येत होता, एकेक नाव, गाव, उसाच्या लागणीची तारीख. मधेच एक बाई म्हणाली, "माझी लागण आषाढातली न्हाई, जेठातली हाय." कारकून आत आला, कीबोर्डच्या कळा वाजल्या. लागणीच्या तारखेवरच तोडीची पाळी ठरते. तिचा ऊस महिनाभर उशिरा तुटला असता.

यादी संपली, त्यानं सेव्ह केलं. माझं काम मी पुन्हा सुरू केलं, बारा मिनिटांत झालं. पुढच्या हंगामात आम्ही त्या स्क्रीनवर कच्ची नोंद ठेवायची सोय केली, म्हणजे वाचून होईपर्यंत कुलूप धरून बसायला नको.

त्या दिवशीच्या अहवालात थांबण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं: शेतकऱ्यांना यादी वाचून दाखवणे चालू होते. साहेबांनी ते न खोडता सही केली.