सहाशे पंचवीस चौकोन

पेंटरकाकांनी रंगवलेला आकडा चुकीचा वाचून दाखवावा, असं त्यांचं अख्ख्या गावाला आव्हान होतं. तीन आणि आठ यांची गल्लत नाही, एक आणि सातचा घोळ नाही. धावत्या गाडीतून, चाळिशी घरी विसरलेल्या माणसालाही वाचता आला पाहिजे, तरच तो फोन नंबर. चौदाव्या वर्षी त्यांनी उस्तादाच्या हाताखाली डबे धुवायला सुरुवात केली, एकोणिसाव्या वर्षी पहिला बोर्ड स्वतः रंगवला, आणि त्यानंतर बेचाळीस वर्षं दुकानं, शाळा, दवाखाने, होड्या, जे जे उभं किंवा तरंगतं होतं त्यावर अक्षरं काढली. रस्त्याने चालताना दुसऱ्याच्या बोर्डावरचं वाकडं अक्षर दिसलं की त्यांच्या दाताखाली खडा लागायचा. बायको म्हणायची, ह्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शाळेच्या तपासनिसाबरोबर जाणं.

मग छापील बोर्ड आले. सकाळी सांगा, संध्याकाळी घ्या. काकांचे ब्रश वाळायला लागले. राहिली होती ती फक्त क्रेनवाल्या बाईंची कामं.

बाईंचा धंदा घाटातला. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या. वळणावळणावर दगडी संरक्षक भिंती, अशा बारा भिंतींवर काकांनी बाईंचा नंबर रंगवला होता. तिथे छापील कापड टिकत नसे. वारा फाडायचा, नाहीतर कुणीतरी गाडीवर पांघरायला घेऊन जायचं. चिकटपट्टी त्या खडबडीत दगडाला धरायची नाही. रंग मात्र पाच-पाच वर्षं हलत नव्हता.

एके दिवशी बाई स्वतः घरी आल्या, खुर्चीत बसल्या आणि चहा येण्याच्या आधीच बोलल्या.

"पेंटर, तुमचे आकडे सुंदर आहेत. पण लोक घाबरलेले असतात हो. दहा आकडे बघून बघून दाबतात आणि एक चुकतो. माझे फोन एका शिंपीणबाईंना जातात. परवा त्या मला म्हणाल्या, तुमचे तीन ट्रक मी ब्लाउजच्या मापासकट लिहून घेतलेत, घेऊन जा."

काका हसले नाहीत. चूक दाबणाऱ्याच्या बोटाची होती, पण डंख त्यांना लागला.

"मला भिंतीवर तो चौकोनी कोड हवाय," बाई म्हणाल्या. "मोबाइल धरला की नंबर आपोआप यायला पाहिजे. छपाईवाला पत्र्यावर करून देतो म्हणतोय, बाराही ठिकाणी पत्रे ठोकून. तुम्हाला जमणार असेल तर एक भिंत करून दाखवा. नाही जमलं तर मी त्याला हो म्हणते. राग मानू नका."

"जमेल," काका म्हणाले. बाई गेल्या. बारा भिंती गेल्या तर ब्रश ठेवून द्यायचे, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. एकसष्टाव्या वर्षी लोकांच्या दारात काम मागत फिरायची त्यांची तयारी नव्हती.

घरात या विषयातलं कळणारं एकच माणूस होतं, सूनबाई. ती घरी बसून छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करायची. बाईंची वेबसाइटही तिनेच केलेली. सासऱ्यांना तिच्या कामाचं फारसं कौतुक नव्हतं. दिवसभर काचेकडे बघत बसणं याला काम म्हणावं का, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो ते तिला ऐकू जाईल इतक्या हळू विचारायचे.

"बाबा, या इकडे," ती म्हणाली आणि तिने बाईंची वेबसाइट मोबाइलवर उघडली. 'क्रेन बोलवा' असं बटण होतं. तिने बोट टेकवलं, आणि फोनवर आकडे दाबायची पाटी उघडून बाईंचा नंबर आयता भरलेला दिसला. फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी.

"फोन आपणहून लागत नाही. शेवटचा दाब माणसाचाच," ती म्हणाली. "या बटणाच्या मागे मी एक ओळ लिहिलीय. आधी इंग्रजीत टी-ई-एल, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग अधिकचं चिन्ह, देशाचा क्रमांक आणि मग नंबर. मधे मोकळी जागा नाही आणि नंबराच्या पुढे शून्य नाही. हीच ओळ कोडात भरायची. नुसते आकडे भरले तर फोनला वाटतं की हे काहीतरी लिहिलेलं आहे, आणि तो नुसतं वाचून दाखवतो. टी-ई-एल बघितलं की त्याला कळतं, हा फोन करायचा नंबर आहे."

"आणि इंटरनेट नसलं तर? घाटात कुठलं आलंय!"

सूनबाईने त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. प्रश्न चांगला होता. "इंटरनेटची गरजच नाही. नंबर कोडाच्या आतच आहे. फोनला रेंज असली की झालं. म्हणून तर फुकट वेबसाइटवरून त्यांच्या वेबसाइटमार्गे फिरून येणारा आडवळणाचा कोड नाही घ्यायचा, त्यांनी दुकान बंद केलं की आपली भिंत मुकी."

तिने कागदावर कोड काढून दिला. पंचवीस आडवे, पंचवीस उभे, सहाशे पंचवीस चौकोन. काकांनी तो नाकाशी धरला, लांब धरला, उलटा धरला.

"हे म्हणजे उंदराने कुरतडलेला रुमाल आहे."

"उलटा धरला तरी चालतो बरं का. एखादा चौकोन इकडेतिकडे झाला तरी भागतं. पण हे तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन अगदी चोख हवेत, आणि भोवती चार घरं कोरी पांढरी सोडायची. तीन फुटांचा केलात तर तीसेक फुटांवरून वाचेल."

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या वळणावर पोचले. भिंत घासली, पांढरा दिला, खडूची दोरी ताणून रेघा मारल्या. मग कागद बघत एकेक घर मोजत काळा भरायला लागले. दोन दिवस चाललं. बेचाळीस वर्षांत प्रथमच ते असं काहीतरी रंगवत होते जे त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, आणि याचा त्यांना भयंकर राग येत होता. पण कडा अशा निघाल्या की पट्टी लाजावी.

संपल्यावर ते चार पावलं मागे सरकले आणि त्यांना ते उघडंबोडकं वाटलं. उस्तादाने शिकवलं होतं, बोर्डाला कड आणि अक्षराला सावली, याशिवाय काम हातावेगळं करायचं नाही. काकांनी कधीही केलं नव्हतं. त्यांनी कोडाला अगदी चिकटून गडद लाल कड ओढली. प्रत्येक काळ्या चौकोनाला उजवीकडे आणि खाली करडी सावली दिली. आता कसं सजलं!

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. छपाईवालाही आला, हातात नमुन्याचा पत्रा घेऊन. सूनबाई स्कूटरवरून येत होती, पण बाईंना कुठे दम. त्यांनी मोबाइल धरला. काही नाही. जवळ गेल्या, लांब गेल्या. छपाईवाल्याने आपला मोबाइल धरला. त्यालाही काही नाही. मग त्याने आपल्या पत्र्यावर मोबाइल धरला, हिरवं बटण दाबलं आणि क्षणात बाईंच्या पिशवीतला धंद्याचा दुसरा फोन वाजला.

"राहू द्या पेंटर," बाई हळू आवाजात म्हणाल्या. ते त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. काकांना आपली बेचाळीस वर्षं त्या भिंतीला टेकून उभी राहिल्यासारखी वाटली, आणि कुणी वाचत नव्हतं.

सूनबाई स्कूटर लावून आली. तिने एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा! चार घरं कोरी सोडा म्हटलं होतं ना?"

"कडेशिवाय मी काम सोडत नाही."

"अहो, तुम्ही कड त्याच्या गळ्यातच घातलीय. कोड कुठे सुरू होतो तेच फोनला कळत नाहीये. आणि सावलीने पांढरं खाल्लंय." मग ती थांबली, भिंतीजवळ गेली आणि मोबाइलमधल्या मूळ कोडाशी ताडत ओळीओळीने बोट फिरवत राहिली. "पण चौकोन एकही चुकला नाहीये. सहाशे पंचवीसमधला एकही नाही. मी मोजलेत. बाबा, हे हाताने केलंत तुम्ही?"

तिच्या आवाजातलं कौतुक खरं होतं. काकांनी ते ऐकलं आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

आधी कड गेली. स्वतःची कड स्वतःच्या हाताने पुसताना त्यांनी मनातल्या मनात उस्तादाची माफी मागितली. कोडाभोवती चार घरांएवढा पांढरा पट्टा झाला. सूनबाईने मोबाइल धरला. तिच्या फोनने वाचलं, बाईंच्या जुन्या फोनने नाही. छपाईवाला गालात हसला. काका त्याच्याकडे न बघता खाली बसले आणि बारीक ब्रशने एकेका चौकोनाची सावली पांढऱ्याने मारायला लागले. दोन तास कुणी गेलं नाही. छपाईवालासुद्धा, पत्रा मांडीवर घेऊन, बघत बसला.

"धरा आता," काका म्हणाले.

बाईंनी जुना फोन उचलला. नीट समोरही धरला नव्हता, तोच नंबर आला. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि पिशवीतला फोन ठणाणा वाजला. बाईंनी तो उचलून कानाला लावला आणि समोर उभ्या असलेल्या काकांकडे बघत त्या स्वतःशीच बोलल्या, "हॅलो? हो, क्रेन. बाराही भिंती. उद्यापासून."

छपाईवाल्याने पत्रा काखेत मारला. जाताना मात्र भिंतीजवळ थांबून त्याने विचारलं, "काका, या चौकोनांच्या कडा कशाने मारल्या इतक्या सरळ?"

"हाताने," काका म्हणाले. त्या एका शब्दावर ते आठवडाभर जगले असते.

अकरा भिंती पुढे झाल्या. शिंपीणबाईंचे फोन थांबले. त्यांनीच बाईंना कळवलं की आता फार शांत वाटतं, जरा चुकल्याचुकल्यासारखंही. बाराव्या भिंतीच्या वेळी सूनबाईने काकांच्या हातात एक छोटा कागद ठेवला.

"हा कुणाचा?"

"तुमचा. तुमचा नंबर आहे यात. पूर्वी कोपऱ्यात सही करायचात ना?"

काकांनी तो तळहाताएवढा रंगवला, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, मोठ्या कोडापासून पुष्कळ लांब. भोवती चार घरं कोरी सोडली. कड मारली नाही.

महिन्याभराने काका जेवायला बसले होते, फोन वाजला.

"नमस्कार, मी घाटातल्या भिंतीवरून बोलतोय. नाही, गाडी व्यवस्थित आहे. मुद्दाम थांबलो. हा कोड खरंच हाताने रंगवलाय? आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर असा करून द्याल?"

"देऊ की," काका म्हणाले. मग जुनी सवय सुटेना म्हणून विचारलं, "नंबर नीट वाचता आला ना?"

"नंबर? तो मी पाहिलाच नाही हो. हात लावला आणि तुम्ही बोलायला लागलात."

काकांनी फोन ठेवला. आपण आयुष्यभर आकडे अशासाठी काढले की माणसाने हाक मारली तर ती योग्य दारात पोचावी, आणि ती पोचली होती, एकही आकडा न वाचता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायच्या फंदात पडले नाहीत.

"सूनबाई," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "कागद काढ. मोठा काढ. आपल्याला दवाखाना आलाय."