वन्संचा प्रश्न पोस्टरवर

आमच्या वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. उभा जन्म त्यांनी कानाला हेडफोन लावून कुणाची तरी कुणाशी गाठ घालून दिली, आणि स्वतःचं लग्न आधी आईच्या आजारपणात, मग धाकट्या भावाच्या शिक्षणात राहूनच गेलं. तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे.

आवाज मात्र अजून तसाच. खणखणीत, पण कानाला न टोचणारा. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणायचे, "बाई, तुम्ही नुसतं 'थांबा' म्हटलंत तरी माणूस आनंदाने तासभर थांबेल."

घरातली त्यांची जागा हॉलमध्ये, आडव्या लावलेल्या कपाटामागे. मुलीचं दहावीचं वर्ष आलं तेव्हा त्यांनीच आपली खोली तिला दिली. "पोरीला अभ्यासाला दार लागतं. मला काय, डोळे मिटले की अंधार," म्हणाल्या. सोय तात्पुरती होती. दहावी झाली, कॉलेज झालं, मुलगी नोकरीला लागली आणि कपाट आडवंच राहिलं. ह्यांना त्यावरही विनोद सुचायचा. "ताईचं एक्स्चेंज," म्हणायचे त्या कोपऱ्याला. वन्संही हसायच्या.

जेवणं झाली की त्या दाराला कडी घालायला उठायच्या आणि घालण्याआधी हमखास विचारायच्या, "सगळे आले का घरी?"

आम्ही समोरच बसलेलो असायचो.

"आत्या, तीन डोकी आहेत, दिसतायत ना तुला?" मुलगी म्हणायची.

"दिसतात गं. पण विचारल्याशिवाय कडी लागत नाही माझ्याकडून."

मुलगी सिनेमाच्या जाहिराती करणाऱ्या एका छोट्या कचेरीत काम करते. ओळी लिहिते. लोकांना वाटतं पोस्टरवरची ओळ म्हणजे जाता जाता सुचलेलं काहीतरी. मला आई म्हणून दिसते ती तिची उपाशी दुपार. टीझरची ओळ वेगळी आणि पोस्टरची वेगळी. टीझर जेमतेम मिनिटाचा. त्यात गोष्ट सांगायची नसते, नुसती हुरहूर लावायची असते. ओळ काळ्या पडद्यावर येते आणि पापणी लवेपर्यंत जाते. शिवाय निम्मे लोक फोनचा आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून ती नुसत्या डोळ्यांनीही कळायला हवी. पोस्टरची ओळ हलत नाही, पण वाचणारा हलत असतो. रस्त्याच्या पलीकडून, चालत्या गाडीतून, मुलाचा हात धरून. चेहऱ्यांच्या खाली, नावाच्या वर तिला हातभर जागा. अक्षर बारीक झालं तर वेलांट्या आणि मात्रा एकमेकांत अडकतात आणि लांबून मुंग्यांची रांग दिसते.

त्यांच्या साहेबांची एक परीक्षा आहे. पोस्टरवरच्या नावावर तळहात ठेवायचा आणि ओळ वाचायची. ती दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला चालली असती, तर फाडून टाकायची.

आणि कचेरीची एक रीत आहे. ओळ बाहेर जाण्याआधी लिहिणाऱ्याने ती घरच्या एका माणसाला वाचून दाखवायची. त्या माणसाचा सिनेमाशी संबंध नसावा, आणि वाचताना आधी-नंतर काही समजावायचं नाही. आमच्याकडे ते माणूस म्हणजे वन्सं. त्या मटार सोलत असायच्या. मुलगी ओळ वाचायची. वन्संनी मान वर केली तर ओळ पास. सोलतच राहिल्या तर नापास. त्यावर मुलीचं कायम भांडण.

"अगं आत्या, निदान ऐकल्याचं दाखव तरी!"

"ऐकलं की. मटारही ऐकतायत. त्यांनाही काही वाटलं नाही."

या वर्षी कचेरीकडे एक कौटुंबिक सिनेमा आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत लागणारा. तीन भावंडं सुट्टीसाठी जुन्या घरी जमतात, घर विकायचं ठरवतात, आणि त्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या आत्याचं पुढे काय, हे कुणी बोलतच नाही. सुट्टीतला सिनेमा म्हणजे वेगळी कसरत. शेवटचा पेपर देऊन मुलं बाहेर पडतील तेव्हा समोर पोस्टर हवं. कारण कुठला सिनेमा बघायचा हे सुट्टीत मुलं ठरवतात आणि आया होकार देतात. वितरक म्हणत होते, "रडका वाटता कामा नये. रडायला लोक थिएटरात येतील, पण रडायला चला म्हटलं तर येणार नाहीत."

मुलीने 'नाती जपणारी गोष्ट' लिहिलं. साहेबांनी तळहात ठेवला, फाडलं. 'या सुट्टीत भेटूया घरी' लिहिलं. साहेब म्हणाले, ही घरकर्जाची जाहिरात झाली. 'भांडा, पण एकत्र' सगळ्यांना आवडली. मग दिग्दर्शक म्हणाला, यावरून लोक विनोदी सिनेमा समजून येतील आणि बाहेर पडताना आपल्याला शिव्या घालतील. पोरगी रडकुंडीला आली. मला वाटायचं, हिची नोकरी जाते की काय. मी ताट झाकून ठेवायची आणि फोन करून भंडावून सोडायची.

त्याच दिवसांत एकदा वन्संनी कडीला हात घातला आणि विचारलं, "सगळे आले का घरी?" उशिरा येऊन जेवायला बसलेल्या मुलीचा घास हातातच राहिला.

"आत्या, परत म्हण."

"काय? आले नाहीत का?"

तिने फोनवर तो आवाज टिपून नेला. नुसता मापासाठी, म्हणजे टीझरमध्ये शेवटी किती जागा सोडायची ते कळावं म्हणून. नंतर त्या जागी नटीचा आवाज घालायचा असतो. पण संकलकाने काळा पडदा केला, संगीत तोडलं, त्या शांततेत वन्संचा प्रश्न ठेवला, आणि खाली तीच अक्षरं. नटीने चार वेळा म्हणून पाहिलं, मग तीच म्हणाली, "त्या बाईंचाच ठेवा."

रीतसर परवानगी घेतली. वन्संना स्टुडिओत बोलावलं. ठेवणीतले कपडे घालून गेल्या. काचेमागे हेडफोन लावून बसल्या तेव्हा म्हणाल्या, "हे तर माझंच टेबल!" पहिल्यांदा फारच साफ आवाज आला, सूचना दिल्यासारखा. तेव्हा मुलीने काचेच्या आत जाऊन त्यांच्या हाताखाली एक जुनी कडी ठेवली. कडीवर हात गेला आणि आवाज घरी आला. त्या दिवशी आमच्या घरात इतकं हसू होतं.

टीझर आला. वन्सं शेजारणींना दाखवत सुटल्या. "शेवटी बघ हं, मी आहे. दिसत नाही, पण आहे."

मग पोस्टर. तिथे आवाज नाही, आणि आवाजाशिवाय तो प्रश्न नुसता प्रश्न राहिला. चित्र होतं दारात पाठमोऱ्या उभ्या म्हाताऱ्या बाईचं. प्रश्नाला जोड हवी होती. छापखाना खोळंबलेला, थिएटरात उभे करायचे पुठ्ठ्याचे कटआउट त्याच दिवशी रवाना व्हायचे. मुलीने लिहिलं:

सगळे घरी आले.
तिचं घर कोणतं?

साहेबांनी तळहात ठेवला आणि काढला. दुसऱ्या कुठल्या सिनेमाला ती चालली नसती. टाळ्या पडल्या. घाईत, आणि टाळ्यांच्या भरात, मुलगी एवढं एकच विसरली. ही ओळ तिने मटारांसमोर वाचली नाही.

कटआउट लागलं तेव्हा आम्ही सगळे थिएटरात गेलो. शेजारीणही आली. वन्संनी चष्मा बदलला आणि ऑपरेटरच्या आवाजात मोठ्याने वाचलं. पहिली ओळ. मग दुसरी. दुसरीनंतर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अगं बाई, ही तर तुमचीच गोष्ट!" शेजारीण कौतुकाने म्हणाली.

तिथे आम्ही तिघं उभे होतो. हे होते, मी होते, मुलगी होती. 'छे, यांचं घर आहे की, आमचंच' एवढं म्हणायला काय लागतं? कुणीही म्हणालं नाही. हे पॉपकॉर्नच्या रांगेकडे बघत राहिले. मी पर्सची चेन उघडली आणि लावली. मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती ओळ तिने कुठून उचलली, हे तिला त्याच क्षणी कळलं असावं.

"अक्षर छान मोठं आहे," वन्सं म्हणाल्या. "लांबून वाचता येतं."

त्या संध्याकाळी त्यांनी कडी घातली. विचारलं नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेली. ओळ बदला म्हणाली. त्यांनी समजावलं. कटआउट गावोगाव पोचलेत, ते परत येत नाहीत. फोनवरची चित्रं आणि शेवटच्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती बदलता येतील. "पण का बदलू? लोक स्वतःच्या आत्यांचे फोटो टाकतायत त्या ओळीखाली. लागलेली ओळ कुणी काढत नाही."

ती घरी येऊन वन्संच्या पायाशी बसली. "आत्या, चुकलं माझं. मी तुला विचारलं नाही."

"विचारलं असतंस तर मान वर केली असती मी," वन्सं म्हणाल्या. "ओळ चांगली आहे. पुढे काय होतं गं त्या बाईचं?"

"सांगता येत नाही. शेवट फोडायचा नसतो."

"सिनेमाचं नाही विचारत मी."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "ताई, उगाच कशाला मनाला लावून घेतेस? सिनेमा आहे तो." त्याहून ते काही बोलले नसते तर बरं झालं असतं.

शाळांचे पेपर संपायच्या आत वन्संनी त्यांच्या एका जुन्या ऑपरेटर मैत्रिणीच्या शेजारची खोली पाहून ठेवली. भांडण नाही, रुसवा नाही. मी म्हटलं, "वन्सं, आम्ही कपाट हलवतो. खोली तुमचीच आहे."

"आता हलवू नका. भिंतीवर डाग दिसेल," त्या म्हणाल्या, आणि माझ्या गालाला हात लावला. डोळे वर करायची माझी हिंमत झाली नाही.

त्या तिकडे राहायला गेल्यावर आम्ही कपाट हलवलं. मागे डाग होताच, माणसाएवढा.

सिनेमा लागला, चालला. मुलीचं कचेरीत नाव झालं. कुणी कौतुक केलं की ती विषय बदलते. नवी ओळ झाली की बस पकडून वन्संकडे जाते आणि वाचून दाखवते. परवा म्हणाली, "आई, तिच्याकडे मटार नसतात. ती नुसतीच ऐकते. पास की नापास, कळतच नाही."

रोज जेवणं झाली की फोन वाजतो. पलीकडून तोच आवाज. "सगळे आले का घरी?"

"आले," मी म्हणते. मग त्या म्हणतात, "घाल मग कडी." गेले कित्येक दिवस मी असंच 'आले' म्हणते आणि मान खाली घालून कडी घालते.

आज माझ्या तोंडून निघालं, "नाही."

"कोण राहिलं?"

"तुम्ही."

ह्यांनी जेवणाच्या टेबलावरून मान वर केली. मुलगी फोनला कान लावायला माझ्या खांद्याशी आली.

"हे तिथे म्हणायचं होतं गं, पोस्टरपाशी," वन्सं म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. नंबर चुकलाय हे सांगावं, तितक्या हळुवारपणे म्हणाल्या. आणि मग, "दार लावून घ्या. रात्रीची हवा आत येते."

मी दार लोटलं. कडीला हात लावला. आणि घातली नाही.