जे आधी येईल ते

चौसाळ्यात एसटीडीचा पिवळा डबा आला, त्याच साली आमच्या दारात जुनी जीप आली. गावात तिच्याएवढा मान सरपंचालाही नव्हता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला इतकी पुसायचे की बसलेली माशी घसरून पडायची. बाहेर मात्र काढायचे बाजाराला, नाहीतर लग्नाला.

बीडच्या मिस्त्रीनं नवं ब्रेक ऑइल भरून विचारलं होतं, "हे वीस हजार किलोमीटरला किंवा दोन वर्षांनी बदलायचं, जे आधी येईल ते. गाडी रोज किती पळती?"

शेजारी बहिणीचे सासरे उभे होते. अण्णांची छाती बोनेटएवढी झाली. "रोज लातूर. इंजिन थंड हुतच न्हाई."

"मग दिवाळीआधीच वीस हजार हुतील. तारीख कशाला?" म्हणत मिस्त्रीनं डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगानं फक्त किलोमीटरचा आकडा रंगवला.

तीन दसरे गेले. दरवर्षी पूजा करताना अण्णा तो आकडा बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "लई लांब हाय अजून."

मग त्या मे महिन्यात पहिल्या बाळंतपणाला आलेल्या बहिणीच्या पोटात भर दुपारी कळा सुरू झाल्या. नर्सबाईंनी हात लावून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "पोर आडवं हाय. बीडला न्या, आत्ताच."

मी जीप हाणली. मांजरसुंब्याचा घाट उतरताना घाईपायी गिअर वरचाच ठेवला आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला. मध्यावर पेडल पायाखाली असं गेलं, जणू खाली विहीर होती. दुसऱ्यांदा दाबलं, तरी तेच. समोर दरी. मागं आई देवांची नावं घेत होती. तेहेतीस कोटी संपवून ती दुसऱ्यांदा सुरुवातीला आली असावी. मी गिअर खाली पाडला, हँडब्रेक ओढला आणि रुंदीकरणासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात जीप घातली.

"कावून थांबला?" बहीण दातावर दात दाबून म्हणाली.

"ब्रेक न्हाई."

"अण्णा, रोज लातूर ना?" एवढंच बोलली ती, आणि पुन्हा कळ आली.

अण्णांनी रस्त्यावर उभं राहून ट्रकांना हात केले, फेटा काढून हलवला. एकही थांबला नाही. माणसं उन्हात आणि ब्रेकनं तापलेली चाकं धुरात. बहिणीचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी पेडल दाबत बसलो. चाकं निवली तसं ते हळूहळू कडक होत वर आलं. मग पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला जवळपास पाय न लावता, मुंगीला वाट देत घाट उतरलो.

पोट फाडून पोरगी काढावी लागली. दोघी वाचल्या.

मिस्त्रीनं जुनं ऑइल बशीत काढलं. काळं, काढ्यासारखं. "उभ्या गाडीतबी ह्यात पाणी मुरतं, अण्णा. घाटात तापलं की त्याची वाफ हुती अन् पेडल बसतं. खरं सांगा, पळती किती?"

अण्णांनी बोनेटवरचा हात काढला. "बाजाराला. अन् लग्नाला."

मिस्त्रीनं रॉकेलच्या बोळ्यानं आकडा पुसला. "मग तुमचे महिनेच आधी येणार. तारीख कोणती टाकू, लक्षात राहील अशी?"

"नातीचा दुसरा वाढदिवस," अण्णा म्हणाले.