नदीकडून आलेलं ऊन

घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल याचं चित्र मी कॉम्प्युटरवर काढते. धुळ्यात त्याला सगळे ‘थ्रीडी’ म्हणतात. “ताई, जरा थ्रीडी काढून द्या,” असं लोक इतक्या सहज सांगतात, जणू चहाच टाकायचा आहे. बरीच वर्षं देवपुरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी हेच करते आहे. बंगल्यापुढे नसलेली हिरवळ उगवायची, दारात मालकाला न परवडणारी गाडी उभी करायची. त्याचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही. समोरच्यालाही तेच हवं असतं.

पण या कामाच्या वेळी सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “अगं, ही गरीब माणसांची घरं आहेत. जे मिळणार तेच दाखव. भपका नको.”

नदीच्या दक्षिण काठाला, जुन्या धुळ्याच्या बाजूला एक पत्र्याच्या घरांची वस्ती होती. लोकांनी सोसायटी केली होती आणि त्याच जागेवर पक्की घरं होणार होती. लिफ्टची उंच इमारत नाही; दोन मजली, कुठे तीन मजली घरं, मधून आठ फुटांच्या गल्ल्या आणि चारी बाजूंच्या घरांनी मिळून वापरायचा एक चौक. चौकाच्या कडेला कडुनिंबाचं जुनं झाड होतं, ते सरांनी नकाशात तसंच ठेवलं होतं. भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर साधा रंग, खाली शहाबादी फरशी, लोखंडी जाळीच्या खिडक्या. बस, एवढंच. घर सोडून दोन वर्षं भाड्यानं राहायला प्रत्येक कुटुंबाची संमती लागणार होती. त्यासाठीच चित्र हवं होतं.

मी जीव ओतला. पाण्याचे पाइप भिंतीवरून उघडे खाली आणले. गच्चीवर काळ्या टाक्या ठेवल्या, विजेच्या तारा लोंबत्या दाखवल्या. गिलाव्यावर थापीचे ओबडधोबड फटकारे उठवले, आणि जमिनीलगत वीतभर रंग पावसाच्या शिंतोड्यांनी मळवला. फिका पिवळा, विटकरी आणि आकाशी, असे तीन रंग किती वेळा बदलले देव जाणे. सर मागे उभे राहून म्हणाले, “हे खरं वाटतंय.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

फक्त एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. चौकाच्या दक्षिणेला तीन मजली घरं होती आणि त्यांची तोंडं उत्तरेला, चौकाकडे. चित्रात तीच समोर दिसत होती. अशा भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सावलीत माझे तिन्ही रंग राखेसारखे दिसायला लागले. मग आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. कॉम्प्युटरमधला सूर्य माउसनं धरला आणि आणून ठेवला उत्तरेला. भिंती झळाळल्या. एवढं कोण बघतंय, असं मनाशी म्हणून मी चित्र छापायला दिलं.

सभा वस्तीतच होती, मोकळ्या जागेत त्याच निंबाखाली, सकाळी दहाला. छापलेला मोठा बॅनर दोन बांबूंना बांधला. लोक खूश झाले. बाया आपापली दारं शोधायला लागल्या. सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊ म्हणत, संमतीचे कागद आणि शाईचा पॅड घेऊन टेबलाशी बसले.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. अक्का. तिला मी आधी पाहिलं होतं, कारण त्या मोकळ्या जागेत दहा-बारा खाटा होत्या आणि त्या सगळ्या तिच्या हुकमतीत होत्या. माघापासून पुढे उन्हाळाभर अक्का आणि आणखी सहा बाया ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले जाडसर पापड, करून विकत. चार घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या. अक्का बॅनरच्या इतकी जवळ गेली की नाक टेकायचं बाकी राहिलं. नखानं निंबाखालची काळी सावली चाचपली. मग वळली आणि सभेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली,

“पोरी, हाई ऊन कथाईन येस?”

ऊन कुठून येतं! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं.

“झाडनी सावली इकडे पडनी. म्हंजे ऊन नदीकडथीन उनं. नदीकडथीन कधी ऊन येस का? जेठमा दुपारले डोकावर येस, इतलंच.”

लोक हसले. मला काय राग आला! इतके पाइप, इतक्या तारा, तो मळलेला वीतभर रंग, आणि या बाईला दिसली ती सावली. मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, “अक्का, रंग नीट दिसावेत म्हणून करावं लागतं तसं.”

“रंगनं माले काय समजस?” ती म्हणाली. “मना डोया आधू शेतस. ऊन-सावलीच समजस आते. सांग, मन्या बिबड्या आठे वाळतीन का?”

भाऊ मध्ये पडले. “अक्का, ते फक्त चित्र आहे. आणि वर गच्ची आहे ना, तिथे वाळवा.”

“गच्चीवर रटरटता घाटा कोन लई जाई? तू?”

घाटा म्हणजे भरडलेल्या ज्वारीचं शिजवलेलं पीठ. चुलीवरून उतरवलं की गरम असतानाच खाटेवरच्या ओल्या कापडावर थापावं लागतं, निवलं की थापलं जात नाही. ते भलंमोठं पातेलं आणि अक्काचे गुडघे, दोन्ही डोळ्यांसमोर आणून भाऊंनी गच्चीचं नाव सोडलं. “मंग मना आंगठा नही,” अक्का म्हणाली आणि आपल्या खाटेवर जाऊन बसली. तिच्या मागे त्या सहा जणी उठल्या, मग आणखी काही. पॅडवरची शाई तशीच राहिली.

ऑफिसात परत आले ती धुसफुसत. बिबड्या तिथे वाळतील हे दाखवून तिला खोटं ठरवायचं म्हणूनच मी कॉम्प्युटर सुरू केला, हे कबूल करते. धुळ्याची जागा घातली, उत्तर दिशा नकाशाप्रमाणे लावली, दिवस माघातला निवडला आणि सकाळपासून तासातासानं सूर्य पुढे सरकवत गेले. दहा वाजता चौक सावलीत. अकराला सावलीत. भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडच्या तीन मजल्यांची सावली तीस फुटांच्या चौकात वीस फूट आत आलेली. पौष लावून पाहिला, तर दुपारीही जवळपास अख्खा चौक काळा. बिबड्या त्या चौकात वाळल्या नसत्या, आंबल्या असत्या. अक्का बोलली नसती तर माझ्या चित्रावर भरवसा ठेवून सगळ्यांनी अंगठे दिले असते. भिंतीवरचे डाग खरे दाखवून मी आकाशच खोटं दाखवलं होतं.

सरांना सांगायचं धैर्य व्हायला चहाचे दोन कप लागले. त्यांनी पडद्यावरचे सगळे तास पुन्हा बघितले. आधी मला रागावले, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाले, “सूर्य तू फिरवलास, पण सावली माझ्या नकाशात होती. मी कुठे तपासली?”

तो आठवडा आम्ही दोघं नकाशाशी भांडलो. शेवटी दक्षिणेकडचा वरचा मजला काढून उत्तरेकडच्या घरांवर चढवला. घरं तेवढीच राहिली. दहापासून तीनपर्यंत चौकाचा उत्तरेकडचा निम्मा भाग उन्हात आला, तोही माघात. पुढे फाल्गुन-चैत्रात तर त्याहून जास्त. चूल पश्चिमेच्या टोकाला, पातेलं चार पावलांवर येईल अशी. नवं चित्र काढताना मी सूर्याला हात लावला नाही. उलट स्वतःच फिरले. चौकातून उत्तरेकडच्या घरांकडे बघितलं, तर त्यांची तोंडं दक्षिणेला, उन्हातच. रंग आपोआप उजळले. इतकी वर्षं हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या सभेला अक्का पुन्हा नाक टेकवून उभी राहिली. नखानं सावली मोजली. निंबाची सावली आता नदीच्या बाजूला पडली होती. मी चौकात खाटा काढल्या होत्या, मोजून अकरा. तिनं एकेक चाचपली.

“एक खाट कमी शे,” ती म्हणाली.

मी हसून म्हटलं, “काढते, अक्का.” ती टेबलाकडे गेली आणि तिनं अंगठा शाईत बुडवला.

घरं उभी राहायला दोन वर्षांहून जास्त लागली. मधल्या काळात कळलं की अक्काची नजर पुरती गेली. काचबिंदू होता, उशिरा लक्षात आला. मी भेटायला जाईन जाईन म्हटलं आणि गेले नाही. मला स्वतःची लाज वाटते ती इथे.

गेल्या माघात गेले. चित्रात होता तसाच फिका पिवळा गिलावा, तसेच पाइप. जमिनीलगत रंग मळलाही होता, वीतभरापेक्षा थोडा जास्तच. बायांनी दारासमोर शेणाचा सडा घातला होता, तेवढा माझ्या चित्रात नव्हता. चौकात बारा खाटा होत्या. सहा जणी बिबड्या थापत होत्या आणि अक्का बाराव्या खाटेवर बसून तोंडानं सगळं काम करत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, “अक्का, मी थ्रीडीवाली.”

तिनं हवेत हात फिरवून माझं मनगट धरलं आणि माझा तळवा खाटेच्या कापडावर टेकवला. कापड वाळत आलं होतं, कोमट होतं. इतके दिवस मनात धरून ठेवलेले रंग, फटकारे, तारा, यातलं काहीही तिला दिसणार नव्हतं. माझं रडू तिला दिसत नव्हतं हे बरंच झालं.

“आते सांग,” अक्का म्हणाली, “ऊन कथाईन येस?”

मी डोळे मिटले. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि नदी समोर.

“पाठीमागून, अक्का.”

“मंग बस आठे,” ती म्हणाली, आणि सरकून मला उन्हातली जागा दिली.